व्याजदर होता तिथेच परत येतो, मग उत्पन्न कशामुळे वाढतं?

प्रश्न: «पैशाचा पुरवठा वाढवला की एलएम उजवीकडे जातो, व्याजदर पडतो, भांडवल बाहेर जातं आणि शेवटी व्याजदर पुन्हा जागतिक दराइतका होतो, असं पुस्तकात आहे. व्याजदर जर होता तिथेच आला तर उत्पन्न वाढलं कशामुळे? आणि शेवटी एलएमच मागे का सरकत नाही, आयएस का सरकतो? एम.ए.ची परीक्षा आहे, आकृती पाठ आहे पण पटत नाही.»

मंडेल-फ्लेमिंगची ही आकृती पाठ असून पटत नाही, याचं कारण बहुधा असं की तुम्ही ती बंद अर्थव्यवस्थेच्या सवयीने वाचताय. तिथे पैसा वाढला की व्याजदर उतरतो, व्याजदर उतरला की गुंतवणूक वाढते आणि गुंतवणुकीतून उत्पन्न वाढतं. त्यामुळे डोळा सारखा व्याजदराकडे जातो आणि तो जागेवर परतला की सगळंच परतायला हवं असं वाटतं. पण भांडवलाला पूर्ण मोकळीक असेल आणि विनिमय दर तरता असेल, तर पैसा आपलं काम व्याजदराकडून करून घेत नाही, विनिमय दराकडून करून घेतो. ही एक गोष्ट बसली की बाकीची आकृती आपोआप बसते. मी काही वर्षं एका बँकेच्या परकीय चलन विभागात काम केलं आणि नंतर शिकवायला लागले. वर्गात हा धडा मी आकड्यांनीच घेते, कारण बाण काढून पटत नाही ते बेरीज जुळली की पटतं.

एक छोटा देश घ्या. जगातला व्याजदर ५ टक्के आहे आणि हा देश इतका लहान आहे की त्याच्याने तो हलत नाही. किंमतपातळी तूर्त स्थिर आहे. विनिमय दर म्हणजे एका परकीय चलनासाठी मोजावी लागणारी देशी नाणी. म्हणजे हा आकडा वाढला की देशी चलन घसरलं. परीक्षेत निम्म्या चुका या एका व्याख्येत होतात, म्हणून उत्तराच्या पहिल्या ओळीतच ती लिहून टाका.

```
उपभोग        = ५० + ०.७५ × उत्पन्न
गुंतवणूक      = २०० − २० × व्याजदर
सरकारी खर्च   = १००
निव्वळ निर्यात = १५० + ५ × विनिमय दर − ०.२५ × उत्पन्न
पैशाची मागणी  = ०.५ × उत्पन्न − २० × व्याजदर
```

सुरुवातीला पैशाचा पुरवठा ४०० आहे. व्याजदर ५ धरला तर पैशाच्या समीकरणातून, म्हणजे एलएममधून, उत्पन्न १,००० येतं. विनिमय दर २० असताना उपभोग ८००, गुंतवणूक १००, सरकारी खर्च १०० आणि निव्वळ निर्यात शून्य, अशी मालबाजाराची बेरीज, म्हणजे आयएसही, १,००० च देते. सगळं जागच्या जागी आहे.

आता मध्यवर्ती बँकेने पुरवठा ४५० केला. विनिमय दर २० वरच बांधून ठेवला आहे असं क्षणभर समजून आयएस आणि नवा एलएम सोडवा. व्याजदर ३.७५ आणि उत्पन्न १,०५० येतं. हाच तुमच्या पुस्तकातला मधला बिंदू. इथे गुंतवणूक १२५ झाली आहे, पण निव्वळ निर्यात उणे १२.५ वर गेली आहे, कारण उत्पन्न वाढल्यामुळे आयातही वाढली. बंद अर्थव्यवस्था असती तर गोष्ट अशाच एखाद्या बिंदूवर थांबली असती.

इथे मात्र थांबता येत नाही. देशात ३.७५ टक्के मिळतात आणि बाहेर ५, आणि पैसा हलवायला ना परवानगी लागते ना खर्च. मग देशी रोखे कोण ठेवेल? जो तो देशी चलन विकून परकीय चलन घ्यायला बघतो. तरत्या दराच्या व्यवस्थेत मध्यवर्ती बँक समोर उभी राहून परकीय चलन पुरवत नाही. त्यामुळे देशी चलन घसरू लागतं. ते घसरलं की देशी माल बाहेर स्वस्त पडतो, परदेशी माल घरात महाग पडतो, निव्वळ निर्यात वाढते आणि आयएस उजवीकडे सरकतो. उत्पन्न वाढतं तशी व्यवहारासाठी पैशाची मागणी वाढते आणि व्याजदर वर चढतो. तो ५ ला पोचला की चलन विकण्याचं कारणच उरत नाही आणि सगळं थांबतं.

ते कुठे थांबतं हे काढायची रीत सोपी आहे, आणि माझ्या मते या धड्यात शिकण्यासारखं सगळ्यात मोठं हेच आहे: आधी एलएमकडे जा, आयएसकडे नंतर. व्याजदर शेवटी ५ च असणार हे आपल्याला आधीपासून ठाऊक आहे. मग ४५० = ०.५ × उत्पन्न − १००, म्हणजे उत्पन्न १,१००. उत्तर आलं, आणि आयएसला अजून हातही लावलेला नाही. आता आयएसला एवढंच विचारायचं की १,१०० चा माल खपवायला विनिमय दर किती लागेल. तो येतो ३०. पडताळून बघा: उपभोग ८७५, गुंतवणूक १००, सरकारी खर्च १००, निव्वळ निर्यात २५. बेरीज १,१००.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर या शेवटच्या ओळीत आहे. गुंतवणूक १०० होती, १०० च राहिली, कारण व्याजदर जागेवर परतला. उत्पन्नातली १०० ची वाढ २५ ची निव्वळ निर्यात आणि तिच्या मागोमाग आलेला ७५ चा उपभोग, अशी मिळून झाली आहे. व्याजदराचा उपयोग फक्त चलनाला ढकलण्यापुरता झाला. आणि देशाबाहेर गेलेलं भांडवल कुठे दिसतं म्हणाल, तर त्याच २५ मध्ये. निर्यात आयातीपेक्षा २५ ने जास्त आहे, म्हणजे त्या २५ च्या परकीय मालमत्ता देशातल्या लोकांनी घेतल्या आहेत. व्यवहारतोल शून्य आहे याचा अर्थ इतकाच की या दोन बाजू एकमेकींना फेडतात.

विद्यार्थी वर्गात मला एक गोष्ट नेहमी विचारतात: निर्यातीला विनिमय दराचा फारसा फरक पडत नसेल तर हे धोरण लंगडं पडेल ना? समीकरणातला ५ काढून २.५ घाला आणि सुरुवातीची निव्वळ निर्यात शून्यच राहावी म्हणून १५० च्या जागी २०० घाला. उत्पन्न तरीही १,१०० च येतं. बदलतो तो विनिमय दर: ३० ऐवजी तो ४० होतो. म्हणजे मालबाजार जितका मठ्ठ, तितकं चलन जास्त पडतं, पण उत्पन्न एलएम आणि जागतिक व्याजदर हे दोघेच ठरवतात. सरकारी खर्च वाढवून या व्यवस्थेत काही हाती का लागत नाही, तेही यातूनच कळतं. खर्च वाढवल्याने एलएम हलत नाही, म्हणून उत्पन्न हलत नाही. चलन वधारतं आणि जितका खर्च वाढला तितकी निव्वळ निर्यात घटते.

आता एलएम मागे का सरकत नाही, ते बघू. तो मागे सरकतोच, पण स्थिर विनिमय दराच्या व्यवस्थेत. तिथे लोक देशी चलन विकायला आले की मध्यवर्ती बँकेला ते ठरलेल्या भावाने विकत घ्यावं लागतं. ती गंगाजळीतलं परकीय चलन देते आणि देशी चलन परत घेते. नुकताच सोडलेला ५० चा पैसा त्याच खिडकीतून परत येतो आणि पुरवठा पुन्हा ४०० होतो. तरत्या व्यवस्थेत ती खिडकीच बंद असते. एकाने देशी चलन विकलं तर ते दुसऱ्या कुणाच्या तरी हातात जातं, बाजारातून नाहीसं होत नाही. एकूण ४५० तसेच राहतात, फक्त त्यांचा भाव उतरतो. म्हणून आकृतीत एलएम नव्या जागी ठाम असतो आणि हलण्याचं काम आयएसच्या वाट्याला येतं.

व्यवहारतोल शून्य ठेवणाऱ्या बीपी रेषेबद्दलही इथेच सांगते. भांडवल पूर्ण गतिशील असेल तर ती ५ टक्क्यांवर आडवी असते आणि विनिमय दर बदलला तरी सरकत नाही. उत्तरपत्रिकांत ती उजवीकडे सरकवलेली मी पुष्कळदा पाहते. ते चढत्या बीपीसाठी खरं आहे, आडव्यासाठी नाही.

पुस्तकातल्या एका वाक्याने मात्र गैरसमज होतो: «भांडवल बाहेर जातं आणि म्हणून चलन घसरतं.» हे वाचून वाटतं की आधी पैशाचा लोंढा वाहतो आणि मग भाव पडतो. परकीय चलन विभागात मी ते वेगळंच पाहिलं. एका देशाच्या मध्यवर्ती बँकेने कुणाच्या ध्यानीमनी नसताना दर कमी केला त्या दिवशी माझ्या शेजारच्या डीलरने पडद्यावर बातमी दिसताक्षणी आपला खरेदीचा भाव काढून घेतला. फोनवर समोरच्या बँकेनेही तेच केलं. काही सेकंदांनी दोघांनी नवे भाव लावले, ते बरेच खाली. मधल्या वेळात आमच्या टेबलावर एकही सौदा झाला नव्हता. सगळ्यांना एकच गोष्ट एकाच वेळी कळली की भाव हलायला व्यवहार व्हावाच लागत नाही. म्हणून ३.७५ चा मधला बिंदू हा समजून घेण्यासाठी काढलेला बिंदू आहे असं माना. आयएस आणि एलएम दोन्ही बदलत्या उत्पन्नावर उभे आहेत आणि उत्पन्नाला बदलायला महिने लागतात. विनिमय दराला क्षण पुरतो.

पुढचा मुद्दा तुम्ही विचारलेला नाही, पण तोंडी परीक्षेत तो येऊ शकतो. वरच्या हिशोबात एक गृहीत लपलेलं आहे: विनिमय दर ३० झाला की तो ३० च राहील असं सगळ्यांना वाटतं. तसं वाटलं तरच देशी दर ५ आणि जागतिक दर ५ ही बरोबरी टिकते. पण किंमतपातळी कायम स्थिर राहणार नाही. कालांतराने भाव चढतील. उत्पन्न पुन्हा १,००० वर यायचं असेल, तर किमती पैशाइतक्याच म्हणजे साडेबारा टक्के वाढल्या पाहिजेत. मग वास्तव पैसा पुन्हा ४०० होतो आणि वास्तव विनिमय दर पुन्हा २०. नाममात्र दर तेव्हा २२.५ येतो. म्हणजे चलन आज ३० पर्यंत पडतंय आणि पुढे २२.५ वर सावरणार आहे. जाणत्या माणसाला हे दिसत असेल तर तो चलन वधारण्याची वाट बघेल, आणि वधारण्याची वाट बघणारा माणूस कमी व्याजावरही देशी रोखे ठेवायला राजी होतो.

त्यात भर म्हणजे पहिल्या दिवशी उत्पन्न १,००० च असतं, कारखाने एका रात्रीत जास्त माल काढत नाहीत. तेव्हा ४५० चा पैसा लोकांनी जवळ ठेवायचा तर व्याजदर थेट २.५ वर यावा लागतो. जगात ५ मिळत असताना २.५ कोण घेईल? वर्षभरात चलन सुमारे अडीच टक्के वधारेल अशी ज्याची खात्री आहे, तो. आणि अशी खात्री वाटायला चलन आधी आपल्या दीर्घकालीन जागेच्या खाली पडलेलं असायला हवं. रूडिगर डॉर्नबुश यांनी १९७६ मध्ये मांडलेला विचार हाच. म्हणून «व्याजदर जागतिक दराइतका होतो» हे वाक्य मंडेल-फ्लेमिंगच्या चौकटीत बरोबर आहे, पण त्याच्यामागे «विनिमय दर आता बदलणार नाही असं लोक मानतात» हे दुसरं वाक्य उभं आहे. उत्तरात दोन्ही लिहा.

प्रत्यक्षातलं उदाहरण द्यायचं तर मी ब्रिटनचं देते, कारण तिथे दोन्ही व्यवस्था एकाच आठवड्यात दिसतात. ऑक्टोबर १९९० मध्ये ब्रिटन युरोपच्या विनिमय दर यंत्रणेत गेला. पौंडाचा मध्यवर्ती दर २.९५ जर्मन मार्क होता आणि तो सुमारे २.७८ च्या खाली जाऊ द्यायचा नव्हता. देशात मंदी होती, पण जर्मनीत एकीकरणानंतर व्याजदर चढे होते, त्यामुळे ब्रिटनला आपला दर मोकळेपणाने उतरवता येत नव्हता. १६ सप्टेंबर १९९२ ला बँक ऑफ इंग्लंड दिवसभर पौंड विकत घेत राहिली. हीच ती वर सांगितलेली खिडकी: पौंड परत येत होते आणि गंगाजळी रिकामी होत होती. सकाळी दर १० वरून १२ टक्के केला, दुपारी १५ ची घोषणा केली, तरी विक्री थांबली नाही. संध्याकाळी ब्रिटनने यंत्रणेतला सहभाग थांबवला आणि पौंड तरता झाला.

त्यानंतर दर उतरत गेला: दुसऱ्या दिवशी पुन्हा १०, २२ सप्टेंबरला ९, ऑक्टोबरमध्ये ८, नोव्हेंबरमध्ये ७ आणि जानेवारी १९९३ मध्ये ६ टक्के. पौंड काही आठवड्यांत अडीच मार्कच्या आसपास आला. १९९३ मध्ये अर्थव्यवस्था सुमारे अडीच टक्क्यांनी वाढली आणि १९९४ मध्ये त्याहून वेगाने. खिडकी बंद झाल्यावर पैसा मोकळा करता आला, चलन पडलं, उत्पन्न वाढलं. आपली आकृती इथवर जुळते.

जुळत नाही ते दोन ठिकाणी. जानेवारी १९९३ मध्ये ब्रिटनचा दर ६ होता आणि जर्मन मध्यवर्ती बँकेचे दर ८ च्या वर होते. साध्या चौकटीत हे बसणारच नाही. पौंड आधीच पुरेसा पडलाय असं बाजाराला वाटत असेल आणि जर्मनीचे दरही पुढे उतरतील अशी अपेक्षा असेल, तर बसतं. दुसरं असं की ब्रिटनमध्ये घरकर्जं बहुतेक बदलत्या दराची होती. दर उतरला तसा हप्ता उतरला आणि लोकांच्या हातात पैसे राहिले. म्हणजे सुधारणेतला काही भाग निर्यातीतून नाही, व्याजदरातूनच आला. या उदाहरणावरून आकृती सिद्ध झाली असं मी म्हणत नाही. कुठली वाट खुली होती आणि कुठली बंद, एवढं ते स्वच्छ दाखवतं.

आणखी एक सावधगिरी. चलन पडल्याबरोबर निव्वळ निर्यात सुधारतेच असं नाही. आयातीचे करार आधी झालेले असतात, तोच माल आता जास्त पैशांत पडतो आणि काही महिने व्यापारतोल उलट बिघडतो. जपानने एप्रिल २०१३ पासून पैशाचा पाया दोन वर्षांत दुप्पट करायला घेतला. येन डॉलरमागे २०१२ मधल्या ८० च्या आसपासवरून २०१४ अखेरपर्यंत १२० च्या आसपास आला, तरी व्यापारातली तूट २०१३ मध्ये आणि २०१४ मध्येही वाढली. २०११ नंतर अणुभट्ट्या बंद असल्याने इंधनाची आयात वाढली होती आणि जपानी कंपन्यांचं बरंचसं उत्पादन आधीच परदेशात गेलं होतं. शिवाय व्याजदर शून्याला टेकलेला असताना एलएमची ही साधी आकृती नीट चालतच नाही. म्हणून शुद्ध उदाहरण म्हणून जपान देऊ नका, अपवाद समजावायला द्या.

मंडेल यांच्या डोळ्यांपुढे कॅनडा होता. बहुतेक जग स्थिर दरांवर असताना कॅनडाने १९५० ते १९६२ डॉलर तरता ठेवला होता आणि शेजारच्या अमेरिकेशी भांडवलाची ये-जा मोकळी होती. भारत तसा नाही. रिझर्व्ह बँक रुपयाच्या बाजारात उतरते आणि परकीय गुंतवणूकदारांनी कर्जरोखे किती घ्यावेत यावर मर्यादा असतात. त्यामुळे प्रश्न भारताबद्दल असेल तर आडवी बीपी काढू नका, चढती काढा. मग चलन घसरल्यावर आयएसबरोबर बीपीही उजवीकडे सरकते आणि व्याजदर जागतिक दराच्या खालीच कुठेतरी थांबतो.

किती खाली, हे आपल्याच आकड्यांत बघा. दुसरं टोक घ्या: भांडवल मुळीच हलत नाही, त्यामुळे निव्वळ निर्यात शून्यच राहिली पाहिजे. पैसा ४५० केल्यावर व्याजदर सुमारे ४.१७ येतो, उत्पन्न सुमारे १,०६७ आणि विनिमय दर सुमारे २३.३. या टोकाला वाढ गुंतवणुकीतून येते, ती १०० वरून सुमारे ११७ होते. पूर्ण गतिशीलतेच्या टोकाला उत्पन्न १,१०० होतं आणि गुंतवणूक हलत नाही. अर्धवट मोकळीक असलेला देश या दोन्हींच्या मधे कुठेतरी सापडेल. निव्वळ निर्यातीच्या जागी शून्य घालून एकदा हे स्वतः सोडवून बघा. उपभोग ८५०, गुंतवणूक ११६.७ आणि सरकारी खर्च १०० अशी बेरीज जुळली म्हणजे बरोबर आलं.